परिपत्रकाचा फोटो, त्याचा गोषवारा आणि एका कलमाबद्दलचं पत्र

सूचनाफलकावर परिपत्रक लागतं. कुणीतरी मोबाईलवर त्याचा फोटो काढतं, तो सगळ्यांकडे फिरतो, आणि दोन दिवसांनी विभागप्रमुख म्हणतात, "त्यात नेमकं काय आहे ते मला लिहून द्या. काही शंका असेल तर तीही लिहा." नव्याने रुजू झालेल्या माणसाकडे हे काम हमखास येतं. एक पानाचं पत्र, त्याला जोडलेला एक पानाचा गोषवारा, एवढंच ते दिसतं.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा पत्रात शंका व्यवस्थित विचारली होती. गोषवाऱ्यात मात्र त्याच कलमाचा मला वाटलेला अर्थ सरळ लिहून टाकला होता. साहेबांनी गोषवारा वाचला, पत्र वाचायचं राहून गेलं, आणि माझा अर्थ विभागभर लागू झाला. पुढे आस्थापना शाखेने तो चुकीचा ठरवला आणि चार अर्ज परत फिरवायचं पत्रही मलाच लिहावं लागलं. म्हणून या लेखातला मुख्य मुद्दा हा: ज्या कलमाबद्दल तुम्ही पत्रात प्रश्न विचारताय, ते कलम गोषवाऱ्यात सोडवून ठेवायचं नाही. बाकीची सगळी पावलं याच्या मागेपुढे येतात.

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक परिपत्रक घेऊ. विषय भरपाई रजेचा, म्हणजे सुट्टीच्या दिवशी काम केल्याबद्दल मिळणारी रजा, जिला बोलताना आपण कॉम्प-ऑफ म्हणतो. परिपत्रकाचा क्रमांक आस्था/रजा/४७, दिनांक ३ जून २०२५. मजकूर असा:

१. सुट्टीच्या दिवशी विभागप्रमुखांच्या लेखी आदेशाने किमान चार तास काम केलेल्या कर्मचाऱ्यास एक दिवस भरपाई रजा देय राहील.
२. ही रजा काम केल्याच्या दिनांकापासून ६० दिवसांच्या आत घ्यावी. न घेतल्यास ती व्यपगत होईल.
३. रजेचा अर्ज विहित नमुन्यात, काम केल्याच्या पुढील महिन्याच्या १० तारखेपर्यंत आस्थापना शाखेकडे पाठवावा.
४. एक वर्षापेक्षा कमी सेवा झालेले कंत्राटी कर्मचारी व प्रशिक्षणार्थी यांना भरपाई रजा देय राहणार नाही.
५. हे परिपत्रक १ जुलै २०२५ पासून अंमलात येईल.
सोबत : अर्जाचा नमुना.

आपल्या विभागात ६ जुलैच्या रविवारी काही जणांनी लेखी आदेशावरून दिवसभर काम केलं. त्यात दोन प्रशिक्षणार्थी होते. एकाला रुजू होऊन चौदा महिने झालेत, दुसऱ्याला पाच. दोघांनीही रजा मागितली आहे.

आधी फोटो नीट पाहा

फोटोवरून काम करताना पहिला प्रश्न असा की फोटोत पूर्ण परिपत्रक आहे का. कागदाचे चारही कोपरे दिसायला हवेत. खालची कड कापली गेली असेल तर बहुतेक वेळा सही, हुद्दा, "प्रत" ची यादी आणि "सोबत" ची ओळ गेलेली असते. आपल्या उदाहरणात "सोबत : अर्जाचा नमुना" ही ओळ आहे, म्हणजे मागे दुसरा कागद टाचलेला आहे. फिरत आलेल्या फोटोत तो नसतोच, कारण फोटो काढणाऱ्याने टाचणी उघडून मागचं पान पाहिलेलं नसतं. तिसऱ्या कलमात "विहित नमुना" म्हटलंय आणि तो नमुना आपल्याकडे नाही, एवढं लक्षात आलं तरी फोटो पाहण्याचं निम्मं काम झालं.

शक्य असेल तर स्वतः जाऊन पुन्हा फोटो काढा. मोबाईल कागदाला समांतर धरा, नाहीतर वरच्या ओळी रुंद आणि खालच्या अरुंद येतात आणि शेवटच्या ओळी वाचताच येत नाहीत. उजेड बाजूने येऊ द्या. दिवा डोक्यावर असेल तर आपली आणि मोबाईलची सावली नेमकी मधल्या कलमांवर पडते. काचेच्या फलकात लावलेला कागद असेल तर समोरून फ्लॅश मारू नका, चमक उठते. थोडं तिरक्या बाजूने काढलेला फोटो अशा वेळी जास्त वाचता येतो. आणि तो पाठवताना मेसेजमधून चित्र म्हणून न पाठवता फाइल म्हणून पाठवा. चित्र म्हणून पाठवलेला फोटो वाटेत दाबला जातो आणि बारीक अक्षरं विरघळतात.

देवनागरीत सगळ्यात जास्त दगा अंक देतात. धूसर फोटोत १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात. ३ आणि ६ एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असल्याने घाईत उलटे वाचले जातात. शिक्का बरोबर क्रमांकावर किंवा तारखेवर बसलेला असतो, तो वेगळा त्रास. अंकांनंतर नंबर लागतो अनुस्वाराचा आणि ओळीच्या टोकाच्या शब्दांचा. "देय राहणार" वर ओळ संपली आणि "नाही" पुढच्या ओळीत, घडीच्या सुरकुतीत गेलं, तर अर्थ उलटा होतो. फोटोतून मजकूर काढून देणारी अॅप्स टंकनाचे श्रम वाचवतात, पण अंक आणि नकार हे दोन्ही डोळ्यांनीच, मूळ कागदाशी ताडून बघायचे.

आपल्या उदाहरणात समजा पाचव्या कलमातला अंक नीट उमटलेला नाही. "१ जुलै" आहे की "९ जुलै"? इथे बरेच जण हा प्रश्नही पत्रात घालून मोकळे होतात. तसं करू नका. जे वाचता येत नाही आणि ज्याचे दोन अर्थ निघतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न वाचता येणाऱ्या अंकाचं उत्तर मूळ कागदावर छापलेलं आहे. त्यासाठी विभागप्रमुखांचा वेळ घ्यायचा नाही, फलकापाशी जायचं किंवा आस्थापना शाखेत जाऊन कार्यालयीन प्रत पाहायची. कलमाच्या दोन अर्थांचं उत्तर मात्र कागदावर कितीही निरखून मिळत नाही, ते परिपत्रक काढणाऱ्याकडेच असतं.

क्रमही महत्त्वाचा आहे. अंमलाची तारीख ९ जुलै निघाली असती, तर ६ जुलैचं काम या परिपत्रकात बसलंच नसतं आणि प्रशिक्षणार्थींचा प्रश्न निदान या वेळेपुरता उद्भवलाच नसता. आधी अंक पक्का करा, मग शंका. आपण कार्यालयीन प्रत पाहिली, अंक १ आहे. नमुन्याचं मागचं पानही तिथेच मिळालं.

शंका खरी आहे का ते तपासा

आता चौथं कलम. "एक वर्षापेक्षा कमी सेवा झालेले कंत्राटी कर्मचारी व प्रशिक्षणार्थी". यातलं "एक वर्षापेक्षा कमी सेवा झालेले" हे विशेषण कोणाला लागतं? फक्त कंत्राटी कर्मचाऱ्यांना, की "व" ओलांडून प्रशिक्षणार्थींनाही? मराठीत विशेषण आधी येतं आणि मागून "व" ने जोडलेली दोन नामं आली की हा पेच पडतो. कधी कधी लिंग-वचनावरून सुटका होते. दुसरं नाम नपुंसकलिंगी असतं तर "झालेले" आणि "झालेली" यांत फरक पडून निदान अंदाज बांधता आला असता. इथे दोन्ही नामं पुल्लिंगी अनेकवचनी, "झालेले" दोघांनाही सारखंच बसतं. व्याकरण मदतीला येत नाही.

पण दोन अर्थ निघतात एवढ्यावर प्रश्न विचारण्याजोगा होत नाही. कोणाला काय फरक पडतो ते मांडून बघा. कागदावर चार प्रकारची माणसं लिहा: वर्षापेक्षा कमी झालेले कंत्राटी, वर्ष वा जास्त झालेले कंत्राटी, वर्षापेक्षा कमी झालेले प्रशिक्षणार्थी, वर्ष वा जास्त झालेले प्रशिक्षणार्थी. मग दोन्ही अर्थ एकेकाला लावून पाहा. पहिल्या प्रकाराला दोन्ही अर्थांनी रजा नाही. दुसऱ्याला दोन्ही अर्थांनी आहे. तिसऱ्याला दोन्ही अर्थांनी नाही. फक्त चौथ्या प्रकाराला एका अर्थाने रजा मिळते आणि दुसऱ्याने मिळत नाही.

ही पाच मिनिटांची मांडणी पत्राची लांबी निम्म्यावर आणते. "कलम ४ चा अर्थ काय?" असा सैल प्रश्न आता उरत नाही. पाच महिन्यांच्या प्रशिक्षणार्थीचा निकाल तर परिपत्रकातच आहे, त्याच्यासाठी कुणाला विचारायची गरज नाही. प्रश्न उरतो तो चौदा महिने झालेल्या प्रशिक्षणार्थीचा, आणि तो हो किंवा नाही असं उत्तर देता येईल इतका नेमका आहे.

याच वाचनात दुसरीही एक फट सापडेल. "दिनांकापासून ६० दिवसांच्या आत" यात कामाचा दिवस धरायचा की नाही? न धरता मोजलं तर ६ जुलैपासून साठावा दिवस ४ सप्टेंबरला येतो, धरून मोजलं तर ३ सप्टेंबरला. ही शंकाही खरी आहे, पण या वेळी ती पत्रात घालू नका. रजा ऑगस्टमध्येच घेतली की तिचा संबंध येत नाही, आणि कुणाचाही अर्ज तिच्यावर अडलेला नाही. एका पत्रात तीन शंका घातल्या की सोप्या दोहोंची उत्तरं येतात आणि अवघड असलेली तिसरी "पाहू" वर राहते. असं मी इतक्या वेळा पाहिलंय की आता एका पत्रात एकच शंका हा माझा हट्ट झाला आहे.

गोषवारा

गोषवाऱ्याची मांडणी परिपत्रकाच्या क्रमाने करायची नसते. वाचणाऱ्याला ज्या क्रमाने प्रश्न पडतात त्या क्रमाने करायची: हे कोणाचं, केव्हापासून, कोणाला, काय मिळतं, काय करायचं, कधीपर्यंत, कोणाला नाही. मात्र प्रत्येक ओळीपुढे कलमाचा क्रमांक हवा. कुणी "हे कुठे लिहिलंय?" असं विचारलं तर बोट ठेवता आलं पाहिजे.

तारखा तीन असतात आणि त्या एकमेकांत मिसळतात. परिपत्रकावरची तारीख, अंमलाची तारीख, आणि फोटो काढल्याची तारीख. तिसरीला कुणी विचारत नाही असं वाटतं, पण पुढे शुद्धिपत्रक निघालं तर आपण कोणत्या दिवशीचा मजकूर पाहून लिहिलं हे तीच सांगते.

उदाहरणातल्या परिपत्रकाचा गोषवारा मी असा लिहीन:

*परिपत्रकाचा गोषवारा*
परिपत्रक : क्र. आस्था/रजा/४७, दिनांक ३ जून २०२५, आस्थापना शाखा.
कशावरून तयार केला : सूचनाफलकावरील परिपत्रकाचा फोटो (१४ जुलै) व आस्थापना शाखेत मिळालेले नमुन्याचे पान, एकूण दोन पाने. सर्व अंक व तारखा आस्थापना शाखेतील कार्यालयीन प्रतीशी ताडून पाहिल्या आहेत.
अंमल : १ जुलै २०२५ पासून (कलम ५).
काय मिळते : सुट्टीच्या दिवशी किमान चार तास काम केल्यास एक दिवस भरपाई रजा (कलम १).
अट : विभागप्रमुखांचा लेखी आदेश आवश्यक (कलम १).
रजा केव्हा घ्यावी : काम केल्याच्या दिनांकापासून ६० दिवसांच्या आत, अन्यथा व्यपगत (कलम २).
अर्ज : विहित नमुन्यात, पुढील महिन्याच्या १० तारखेपर्यंत, आस्थापना शाखेकडे (कलम ३). नमुना सोबत.
कोणाला देय नाही (कलम ४, मूळ शब्दांत) : "एक वर्षापेक्षा कमी सेवा झालेले कंत्राटी कर्मचारी व प्रशिक्षणार्थी यांना भरपाई रजा देय राहणार नाही." या कलमाचे दोन अर्थ संभवतात. पत्र पाहावे.

चौथ्या कलमाची ओळ बाकीच्यांहून वेगळी आहे, आणि ती तशीच असली पाहिजे. बाकी सगळीकडे मी माझ्या शब्दांत थोडक्यात लिहिलं. इथे अवतरणचिन्हांत मूळ वाक्य उतरवलं आणि पुढे पत्राकडे बोट दाखवलं. मोह असा होतो की इथेही "एक वर्षाखालील कंत्राटी व प्रशिक्षणार्थी अपात्र" असं सुटसुटीत लिहावं. हे वाक्य मूळ वाक्यापेक्षा आखूड आहे, पण संदिग्धता तेवढीच आहे, आणि ती आता तुमच्या नावावर आहे. त्याहून वाईट म्हणजे "वर्ष न झालेले कंत्राटी कर्मचारी आणि सर्व प्रशिक्षणार्थी" असं लिहिणं. त्यातला "सर्व" हा शब्द परिपत्रकात कुठेच नाही.

"कशावरून तयार केला" ही ओळ सोडू नका. कार्यालयीन प्रत बघायला मिळालीच नाही, तर तिथे तसंच लिहा आणि न लागलेला अंक अंदाजाने भरू नका. "अंमल : [अंक अस्पष्ट] जुलै २०२५ पासून" असं चौकटी कंसात लिहिलेलं वाचणाऱ्याला लगेच कळतं. अंदाजाने भरलेला अंक आणि वाचलेला अंक टंकल्यावर एकसारखेच दिसतात.

पत्र

पत्र लिहिण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. परिपत्रक विभागप्रमुखांनी काढलेलं नाही. त्यांना अर्थ माहीत असेलच असं नाही, आणि माहीत असला तरी त्या तो स्वतःच्या अधिकारात सांगू शकतील असंही नाही. बहुतेक वेळा त्या तुमच्या पत्रावर "आस्थापना शाखेने कृपया अभिप्राय द्यावा" असा शेरा मारून ते पुढे पाठवतील. म्हणजे या पत्राचे वाचणारे दोन आहेत. दुसऱ्याला तुमच्या विभागाचं काहीच माहीत नसतं. त्यामुळे "आपल्या त्या दोन मुलांचं" असं लिहून चालत नाही. शेरा मारून पुढे गेलेलं पत्र तुमच्या तोंडी खुलाशाशिवाय समजलं पाहिजे.

विषयाच्या ओळीत कलमाचा क्रमांक घाला. "भरपाई रजेबाबत" एवढाच विषय लिहिला तर ते रजेच्या अर्जांच्या गठ्ठ्यात जाऊन बसतं.

> दिनांक : २१ जुलै २०२५
>
> प्रति,
> मा. विभागप्रमुख,
> लेखा विभाग.
>
> विषय : भरपाई रजेच्या परिपत्रकातील कलम ४ चा अर्थ स्पष्ट होण्याबाबत.
> संदर्भ : परिपत्रक क्र. आस्था/रजा/४७, दिनांक ३ जून २०२५.
>
> महोदया,
>
> आपल्या सूचनेनुसार संदर्भीय परिपत्रकाचा गोषवारा तयार करून सोबत जोडला आहे. परिपत्रकाच्या दोन्ही पानांचे फोटोही जोडले आहेत. कलम ४ वगळता परिपत्रकाच्या अंमलबजावणीत सध्या अडचण नाही.
>
> कलम ४ असे आहे : "एक वर्षापेक्षा कमी सेवा झालेले कंत्राटी कर्मचारी व प्रशिक्षणार्थी यांना भरपाई रजा देय राहणार नाही."
>
> यातील एक वर्षाची अट (अ) कंत्राटी कर्मचारी व प्रशिक्षणार्थी या दोघांनाही लागू आहे, की (ब) ती केवळ कंत्राटी कर्मचाऱ्यांना असून प्रशिक्षणार्थींना कोणत्याही परिस्थितीत रजा देय नाही, हे वाक्यरचनेवरून निश्चित होत नाही.
>
> फरक केवळ एक वर्ष किंवा अधिक काळ पूर्ण केलेल्या प्रशिक्षणार्थींबाबत पडतो. आपल्या विभागातील असे एक प्रशिक्षणार्थी (कालावधी १४ महिने) यांनी ६ जुलै २०२५ रोजी लेखी आदेशानुसार काम केले असून त्यांचा अर्ज प्राप्त आहे.
>
> तरी, एक वर्ष पूर्ण केलेल्या प्रशिक्षणार्थींना भरपाई रजा देय आहे किंवा नाही, याबाबत मार्गदर्शन व्हावे, ही विनंती.
>
> कलम ३ नुसार अर्ज पाठवण्याची अंतिम तारीख १० ऑगस्ट आहे. ९ व १० ऑगस्ट रोजी शनिवार-रविवार असल्याने अर्ज ८ ऑगस्टपर्यंत पाठवावे लागतील. उत्तर ५ ऑगस्टपर्यंत मिळाल्यास सोयीचे होईल. तोपर्यंत हा अर्ज प्रलंबित ठेवला आहे. इतर अर्जांवर परिपत्रकानुसार कार्यवाही सुरू आहे.
>
> कळावे,
> आपला विश्वासू,
> (सही, नाव, हुद्दा)
>
> सोबत : १. गोषवारा (१ पान)
> २. परिपत्रकाचे फोटो (२ पाने)

या पत्रात काय नाही ते बघा. माझं मत नाही. खरं तर मत आहे, आणि दोन्ही बाजूंना युक्तिवादही आहेत. प्रशिक्षणार्थीच्या बाबतीत सहसा "सेवा" असं न म्हणता "प्रशिक्षण कालावधी" म्हणतात, म्हणून "सेवा झालेले" हे कंत्राटींपुरतंच असावं, असं कुणी म्हणेल. उलट, सगळेच प्रशिक्षणार्थी वगळायचे असते तर त्यांच्यासाठी वेगळं वाक्य लिहिलं असतं, असंही म्हणता येतं. हे दोन्ही कच्च्या कागदावर लिहून ठेवा. विभागप्रमुखांनी बोलावून "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं तर उपयोगी पडतं. पत्रात ते घातलं की वाचणारा अर्थ ठरवायचं सोडून तुमच्या युक्तिवादाशी वाद घालायला लागतो.

प्रशिक्षणार्थींचं नावही पत्रात नाही. प्रश्न नियमाचा आहे, माणसाचा नाही, आणि पत्र कुठे कुठे फिरेल ते आपल्या हातात नसतं. कालावधी सांगितला की उत्तर द्यायला पुरेसं आहे.

"प्रलंबित ठेवला आहे" हे वाक्य नवीन मंडळी गाळतात. मग विभागप्रमुखांना कळत नाही की उत्तर येईपर्यंत तुम्ही काय करताय: मंजूर करून टाकलंत, की नाकारलंत. त्या अर्जदाराने थेट त्यांनाच विचारलं तर त्यांच्याकडे उत्तर हवं. आणि "५ ऑगस्टपर्यंत" ही तारीख मागे का आणली ते कलम ३ चा आधार देऊन सांगितलं आहे. कारण न देता "तातडीने" लिहिलेलं पत्र नेमकं तातडीचं वाटत नाही.

पाठवताना आणि उत्तर आल्यावर

ईमेलने पाठवत असाल तर पत्र, गोषवारा आणि फोटो अशा तीन फाइल्स करा. फोटोंना "परिपत्रक-४७-पान-१", "परिपत्रक-४७-पान-२" अशी नावं द्या. मोबाईलने दिलेली आकड्यांची नावं तशीच ठेवली तर दुसरं पान उघडायचं राहून जातं. कागदावर देत असाल तर जावक क्रमांक घालून पोच घ्या, आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा.

उत्तर लेखी आलं तर ते गोषवाऱ्याला टाचा आणि गोषवाऱ्यातली चौथ्या कलमाची ओळ सुधारा: मूळ वाक्य तसंच ठेवून खाली स्पष्टीकरणाचा क्रमांक आणि तारीख लिहा. उत्तर तोंडी आलं, "हो हो, वर्ष झालं असेल तर द्या" असं जिन्यात कुणी सांगितलं, तर काम तेवढ्यावर करू नका. त्याच दिवशी दोन ओळी लिहून पाठवा:

> महोदया, माझ्या दिनांक २१ जुलैच्या पत्राबाबत आज आपण सांगितल्याप्रमाणे, एक वर्ष पूर्ण केलेल्या प्रशिक्षणार्थींना कलम ४ ची आडकाठी नाही असे समजून प्रलंबित अर्ज ८ ऑगस्टपर्यंत आस्थापना शाखेकडे पाठवत आहे. यात काही बदल असल्यास कृपया कळवावे.

तुमचं ऐकण्यात काही चुकलं असेल तर ते अर्ज आस्थापना शाखेत पोचण्याआधी या दोन ओळींमुळेच कळेल.